जॉइनिंगचे कागद: कोणता फॉर्म कशासाठी, आणि कोणता आधी

जॉइनिंगच्या दिवशी एचआर फॉर्मचा गठ्ठा समोर ठेवतात किंवा पोर्टलची लिंक पाठवतात, आणि बहुतेक जण तासाभरात सगळं भरून मोकळे होतात. चूक त्या दिवशी दिसत नाही. बँकेच्या तपशिलातली चूक पहिल्या पगाराला दिसते, टॅक्सची चूक पुढच्या वर्षी रिटर्न भरताना, आणि पीएफची तर कधीकधी पैसे काढायची वेळ येते तेव्हा. यातल्या बऱ्याचशा चुकांचं मूळ एकच असतं: एका कागदावरचं नाव किंवा तारीख दुसऱ्या कागदाशी जुळत नाही. म्हणून खालचा क्रम पाळा. फॉर्म भरायला घेण्याआधीच निम्मं काम झालेलं असेल.

समजायला सोपं जावं म्हणून एक नमुना शेवटपर्यंत धरू. स्नेहल पुण्यातली एक नोकरी ३० सप्टेंबरला सोडते आणि १ ऑक्टोबरला दुसऱ्या कंपनीत रुजू होते. जुन्या नोकरीत असतानाच तिचं लग्न झालंय.

## १. आधी नावांचा तक्ता करा (रुजू होण्याच्या महिनाभर आधी)

एका कागदावर पाच ओळी मांडा: दहावीचं प्रमाणपत्र, आधार, पॅन, बँक खातं आणि यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी कायम राहणारा पीएफचा क्रमांक. प्रत्येकासमोर नाव अक्षरन् अक्षर जसं छापलंय तसं, जन्मतारीख आणि जोडलेला मोबाइल नंबर लिहा. स्नेहलचा तक्ता असा दिसतो:

- दहावी: JADHAV SNEHAL RAMESH
- आधार: Snehal Aniket Shinde
- पॅन: SNEHAL RAMESH JADHAV
- बँक: SNEHAL R JADHAV
- यूएएन: SNEHAL RAMESH JADHAV

दहावीच्या कागदावर आडनाव आधी असणं ही अडचण नाही, महाराष्ट्रात ते नेहमीचंच आहे. फक्त पोर्टलवर पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव असे तीन रकाने असतील तेव्हा प्रमाणपत्राचा क्रम तसाच उतरवू नका. खरी अडचण आधारची आहे. आपल्याकडे लग्नानंतर नुसतं आडनाव बदलत नाही, मधलं नावही वडिलांचं जाऊन नवऱ्याचं येतं. तपासणाऱ्या यंत्रणेला तीन शब्दांपैकी दोन वेगळे दिसतात आणि ती व्यक्तीच वेगळी धरते. यूएएनची ओळख आधारवरून पटते, पॅनही आधारशी जोडलेला असावा लागतो. त्यामुळे या दोन्ही ठिकाणी काम अडतं.

नाव बदलायचंच असेल तर क्रम हा ठेवा: विवाह नोंदणी प्रमाणपत्र, मग आधार, मग पॅन, मग बँक आणि शेवटी यूएएन. दहावी-पदवीचे कागद बदलायला जाऊ नका. जुनं नाव आणि नवं नाव यांना जोडणारा पुरावा म्हणून विवाह प्रमाणपत्र चालतं. काही ठिकाणी शासन राजपत्रातली नावबदलाची नोंद मागतात, ती असेल तर सोबत ठेवा. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे अशी कायद्याची सक्ती नाही, तेव्हा सगळीकडे जुनंच नाव ठेवणं हाही सरळ मार्ग आहे.

स्नेहलचं आधार आधीच बदललंय आणि हातात महिना आहे. म्हणून ती पॅन दुरुस्तीचा अर्ज लगेच करते, पॅन आल्यावर बँकेत जाते, आणि एचआरला पहिल्याच ईमेलमध्ये दोन्ही नावं कळवते.

सावधान: रुजू व्हायला आठवडाच उरला असेल तर नव्याने नावबदल सुरू करू नका. तीन कागदांवर नवं आणि दोनांवर जुनं, ही अर्धवट अवस्था सगळ्यात त्रासदायक असते. आहे त्या नावाने रुजू व्हा, विवाह प्रमाणपत्र जोडा आणि बदल नंतर शांतपणे करा.

तपासा: आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू आहे का? यूएएन, आधार डाउनलोड, ई-साइन या सगळ्याचा ओटीपी तिथेच जातो. बंद पडलेल्या सिममुळे अख्खं जॉइनिंग खोळंबू शकतं.

## २. ओळखीचे कागद: काय द्यायचं, किती द्यायचं

ओळख आणि पत्त्यासाठी आधार, करासाठी पॅन, अशी साधी वाटणी आहे. पॅन दिला नाही, किंवा आधारशी न जोडल्यामुळे तो निष्क्रिय झालेला असेल, तर पगार करपात्र असताना टीडीएस किमान २० टक्के दराने कापला जाऊ शकतो. आयकर पोर्टलवर आधार जोडणीची स्थिती लॉगिन न करताही बघता येते, तेवढं बघून ठेवा.

जन्मतारखेच्या पुराव्यासाठी आधारवर विसंबू नका. पीएफचा कारभार बघणाऱ्या ईपीएफओने जानेवारी २०२४ मध्ये जन्मतारखेच्या पुराव्यांच्या यादीतून आधार काढलं. दहावीचं प्रमाणपत्र, शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्मदाखला जवळ असू द्या.

आधारची प्रत देताना मास्क केलेली द्या. myaadhaar.uidai.gov.in वर डाउनलोड करताना Do you want a masked Aadhaar? हा पर्याय निवडला की फक्त शेवटचे चार अंक दिसणारी पीडीएफ मिळते. ती पासवर्ड मागते: नावाची पहिली चार अक्षरं कॅपिटलमध्ये आणि पुढे जन्मवर्ष, म्हणजे स्नेहल १९९६ ची असेल तर SNEH1996. पीएफसाठी कंपनीला पूर्ण क्रमांक लागतोच. पण तो पोर्टलच्या ठरलेल्या रकान्यात भरा, प्रत मात्र मास्क केलेलीच फिरू द्या. छापील प्रतीवर कोणत्या कामासाठी दिली ते आणि तारीख लिहून सही करा.

सावधान: मूळ प्रमाणपत्रं दाखवायची आणि त्याच दिवशी परत आणायची. कोणी ती ठेवून घ्यायची म्हणत असेल तर देऊ नका. व्हेरिफिकेशन किंवा जॉइनिंगसाठी 'डिपॉझिट' मागितलं तर तिथेच थांबा, तो फसवणुकीचा नेहमीचा प्रकार आहे.

## ३. बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन: स्मरणशक्तीवर भरू नका

हा फॉर्म बहुधा रुजू होण्याआधीच येतो, आणि चुका सगळ्यात जास्त इथेच होतात. कंपनी हे काम सहसा बाहेरच्या एजन्सीला देते. तुम्ही लिहिलेलं आणि जुन्या कंपनीने, विद्यापीठाने सांगितलेलं शेजारी ठेवून एजन्सी फरक नोंदवते. तुमचा हेतू काय होता हे तिला कळत नाही, तिला फक्त फरक दिसतो. म्हणून प्रत्येक रकाना कागद समोर ठेवून भरा.

संमतीपत्र. यावर सही केल्याशिवाय एजन्सी चौकशी करू शकत नाही. कोणकोणत्या गोष्टी तपासणार (शिक्षण, नोकरी, पत्ता, न्यायालयीन नोंदी) हे त्यात लिहिलेलं असावं. रिकाम्या रकान्यांखाली सही करू नका.

नोकरीचा भाग. रुजू झाल्याची तारीख अपॉइंटमेंट लेटरवरून, सोडल्याची तारीख रिलीव्हिंग लेटरवरून आणि पद शेवटच्या पत्रावरून घ्या. ओळखपत्रावर किंवा ईमेलच्या सहीत मिरवत असलेलं पद आणि एचआरच्या नोंदीतलं पद पुष्कळदा वेगळं असतं. पगार मागितला असेल तर सीटीसी विचारलाय की हातात येणारा, हे नीट वाचा.

दुसऱ्या कंपनीच्या पेरोलवर राहून मोठ्या कंपनीत काम केलेल्यांची एक चूक वारंवार होते. 'एम्प्लॉयर' या रकान्यात ते जिथे बसायचे त्या कंपनीचं नाव लिहितात. एजन्सी तिथे विचारते, तिथून उत्तर येतं की असा कर्मचारी आमच्या नोंदीत नाही, आणि खरी नोकरी खोटी ठरते. ज्या कंपनीच्या नावाने पगारपत्रक निघायचं, तीच तुमची एम्प्लॉयर. काम कुठे केलं ते 'क्लायंट' किंवा शेऱ्याच्या रकान्यात लिहा.

तीन-चार महिन्यांची एखादी नोकरी लपवायचा मोह टाळा. पीएफ कापला गेला असेल तर यूएएनच्या सेवा इतिहासात ती कंपनी दिसते, आणि एजन्सी तो इतिहास मागू शकते. लपवलेली छोटी नोकरी सांगितलेल्या छोट्या नोकरीपेक्षा जास्त महागात पडते.

सध्याच्या कंपनीला कधी संपर्क करायचा, असा प्रश्न असतो. अजून राजीनामा दिला नसेल तर 'रिलीव्ह झाल्यानंतर' हेच निवडा. रिलीव्हिंग लेटर कधीकधी शेवटच्या दिवसानंतर बऱ्याच दिवसांनी हाती येतं. तोवर राजीनामा स्वीकारल्याचा ईमेल आणि शेवटच्या तीन महिन्यांच्या पगारपावत्या जोडा, आणि पत्र कधी मिळेल ते लेखी कळवा.

शिक्षणाचा भाग. विद्यापीठ शोध घेतं तो पीआरएन आणि परीक्षेच्या आसनक्रमांकावरून, त्यामुळे हे दोन्ही मार्कशीटवरून बघूनच लिहा. उत्तीर्ण झाल्याचं वर्ष आणि पदवीदान समारंभाचं वर्ष यांची गल्लत होते. फॉर्ममध्ये शेवटच्या सत्राच्या मार्कशीटवरचं वर्ष लिहायचं. एटीकेटीमुळे एक विषय पुढच्या वर्षी सुटला असेल तर तो सुटला ते वर्ष.

पत्त्याचा भाग. हल्ली एजन्सी मोबाइलवर लिंक पाठवते. घराचा फोटो काढायचा आणि जागेचं लोकेशन आपोआप नोंदलं जातं. ही लिंक ऑफिसात बसून उघडली तर लोकेशन ऑफिसचं जातं आणि पत्ता जुळत नाही. घरी गेल्यावरच उघडा. भाड्याच्या घरात किंवा पीजीत राहत असाल तर भाडेकरार किंवा मालकाचं पत्र तयार ठेवा, आणि 'कधीपासून राहता' ही तारीख करारातलीच लिहा.

न्यायालयीन नोंदींचा भाग. एजन्सी बहुधा नाव-पत्त्यावरून न्यायालयांच्या नोंदी शोधते. पोलिसांकडचं चारित्र्य प्रमाणपत्र वेगळं असतं आणि त्यासाठी अर्ज तुम्हाला करावा लागतो. फॉर्ममधला प्रश्न शब्दशः वाचा: 'दोषी ठरला आहात का' आणि 'खटला चालू आहे का' हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

तपासा: पाठवण्याआधी बायोडेटा, व्हेरिफिकेशन फॉर्म आणि यूएएनचा सेवा इतिहास शेजारी ठेवा. तिन्हींत प्रत्येक नोकरीच्या तारखा एकच हव्यात.

## ४. बँकेचा तपशील

कॅन्सल्ड चेक मागतात तो खातं क्रमांक आणि आयएफएससी छापील स्वरूपात मिळावा म्हणून. चेकवर दोन आडव्या तिरक्या रेषा मारून मध्ये CANCELLED लिहा. सही करू नका. रेषा खातं क्रमांकावर किंवा आयएफएससीवर येऊ देऊ नका. चेकवर नाव छापलेलं नसेल तर पासबुकाचं पहिलं पान जोडा.

आयएफएससी अकरा अक्षरांचा असतो आणि त्यातलं पाचवं अक्षर कायम शून्य असतं, इंग्रजी ओ नव्हे. विलीन झालेल्या बँकेचं जुनं चेकबुक घरात पडलेलं असेल तर त्यावरचा कोड आता चालणार नाही, बँकेच्या ॲपवरून नवा घ्या.

खातं क्रमांक एक्सेलमध्ये भरून मागितला तर तो रकाना आधी 'टेक्स्ट' करा. नाहीतर सुरुवातीचे शून्य गळून पडतात, आणि क्रमांक पंधरा अंकांपेक्षा मोठा असेल तर पुढच्या अंकांचे शून्य होतात. हे गंभीर आहे, कारण एनईएफटीने आलेली रक्कम खातं क्रमांक बघून जमा होते, नाव जुळवून नाही. चुकीचा क्रमांक अस्तित्वातच नसेल तर पैसे परत येतात, पण तो दुसऱ्या कोणाचा निघाला तर परत मिळवायला फार धावाधाव होते.

दोन वर्षं व्यवहार नसलेलं खातं निष्क्रिय होतं. तसं जुनं खातं द्यायचं असेल तर आधी शाखेत केवायसी करून ते चालू करून घ्या.

## ५. पीएफ: फॉर्म ११ आणि नॉमिनेशन

फॉर्म ११ हे तुमचं घोषणापत्र आहे. तुम्ही आधी पीएफचे आणि पेन्शन योजनेचे सदस्य होता का, असलात तर यूएएन कोणता, मागची कंपनी कधी सोडली, हे त्यात मुख्यतः विचारलेलं असतं. गडबड होते ती 'आधी सदस्य होता का' याला घाईत 'नाही' लिहिल्यामुळे. जुनी नोकरी नोंदीतून सुटते, पुढे दोन खाती जोडत बसावं लागतं. बारा अंकी यूएएन जुन्या पगारपावतीवर असतो. तिथून घ्या आणि 'होय' लिहा.

पहिलीच नोकरी असेल तर 'नाही' बरोबर. १ ऑगस्ट २०२५ पासून नवा यूएएन साधारणपणे उमंग ॲपवर आधारच्या फेस ऑथेंटिकेशनने स्वतःच काढायचा असतो. तो आधीच काढून ठेवला तर जॉइनिंगच्या दिवशी खोळंबा होत नाही.

पेन्शनचा रकाना जपून भरा. १ सप्टेंबर २०१४ नंतर पहिल्यांदा पीएफमध्ये आलेल्या आणि तेव्हाच मूळ पगार व महागाई भत्ता मिळून १५,००० रुपयांहून जास्त असलेल्या कर्मचाऱ्याला पेन्शन योजना लागू होत नाही. त्याच्यासाठी कंपनीचा सगळा १२ टक्के हिस्सा पीएफमध्येच जातो. आधीपासून पेन्शनमध्ये असलेल्यांचे मात्र महिना कमाल १,२५० रुपये तिकडे जातात. आपण कोणत्या गटात आहोत ते जुन्या पासबुकात दिसतं: पेन्शनच्या रकान्यात आकडे आहेत की शून्य. नव्या कंपनीने उलटं केलं तर दुरुस्ती वर्षानुवर्षं रेंगाळते.

स्नेहलने जुनी कंपनी ३० सप्टेंबरला सोडली. यूएएनवर मागच्या कंपनीची 'एक्झिट' तारीख पडली नाही तर जुन्या पीएफचा ट्रान्सफर अडकतो. ती View मधल्या Service History त नोव्हेंबरमध्ये बघते. कंपनीने तारीख टाकली नसेल तर सोडल्यापासून दोन महिन्यांनी सदस्याला स्वतः Manage मधल्या Mark Exit ने ती टाकता येते. तारीख रिलीव्हिंग लेटरचीच टाका. १ ऑक्टोबर किंवा त्यानंतरची टाकली तर एकाच वेळी दोन नोकऱ्या केल्याचं दिसेल आणि व्हेरिफिकेशनमध्ये प्रश्न येईल.

नॉमिनेशन एकाच फॉर्मने होत नाही. पीएफचं ई-नॉमिनेशन यूएएन पोर्टलवर, ग्रॅच्युइटीचं कंपनीच्या वेगळ्या फॉर्मवर आणि गट विम्याचं तिसरीकडे. पीएफमध्ये कुटुंब असताना कुटुंबाबाहेरच्या व्यक्तीचं नाव चालत नाही. लग्नाआधी भरलेलं नॉमिनेशन तसंच ठेवू नका, नव्याने भरा. स्नेहलला हे करावं लागेलच.

तपासा: पगार दरमहा २१,००० रुपयांपर्यंत असेल आणि आस्थापना ईएसआय या आरोग्य विमा योजनेखाली येत असेल तर तिची नोंदणीही होते. त्यात कुटुंबीयांची नावं आधारप्रमाणे भरा, उपचार त्याच नोंदीवर मिळतात.

## ६. टॅक्सचे फॉर्म: मागच्या कंपनीचा पगार कळवा

वर्षाच्या मध्येच नोकरी बदलणाऱ्यांनी हा भाग सोडू नये. फॉर्म १२बी म्हणून ओळखला जाणारा कागद याच कामाचा: चालू आर्थिक वर्षात आधीच्या कंपनीने किती पगार दिला आणि किती टीडीएस कापला, हे नव्या कंपनीला सांगायचं. नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू असल्याने क्रमांकाकडे बघत बसू नका, 'आधीच्या नोकरीचं उत्पन्न' हा मजकूर शोधा.

न कळवल्यास काय होतं ते आकड्यांत बघा. दर २०२५-२६ चे, करप्रणाली नवी. स्नेहलला जुन्या कंपनीत महिना ९०,००० रुपये होते. त्या कंपनीने वर्षाचे १०.८ लाख धरले, प्रमाणित वजावट ७५,००० वजा केली, उरले १०.०५ लाख. १२ लाखांपर्यंत सवलत असल्याने टीडीएस शून्य. नवी कंपनी १,४०,००० देते. तिच्या हिशेबात सहा महिन्यांचे ८.४ लाखच, म्हणून तिथेही टीडीएस शून्य.

खरं उत्पन्न मात्र ५.४ आणि ८.४ मिळून १३.८ लाख आहे. ७५,००० ची वजावट एकदाच मिळते, करपात्र राहतात १३.०५ लाख. कर ७५,७५० आणि ४ टक्के सेस धरून ७८,७८० रुपये. दोन्ही कंपन्यांनी एक रुपयाही कापलेला नाही, म्हणजे ही सगळी रक्कम रिटर्न भरताना एकदम भरायची आणि आगाऊ कर न भरल्याचं व्याज वेगळं. ऑक्टोबरातच माहिती दिली असती तर महिना १३,१३० रुपये कापले जाऊन विषय संपला असता.

जुन्या कंपनीचा फॉर्म १६ तेव्हा मिळालेला नसतो, कारण तो आर्थिक वर्ष संपल्यावर येतो. त्यासाठी थांबू नका. फुल अँड फायनलचा हिशेब आणि पगारपावत्या यांच्यावरून आकडे भरा.

## ७. पहिल्या पगारपावतीवर काय बघायचं

पावती आल्यावर दहा मिनिटं काढा. नाव आणि पॅन पॅनकार्डाप्रमाणे आहे का? यूएएन जुनाच आहे का? पीएफ पासबुकात नव्या कंपनीची नोंद आली का आणि पेन्शनचा रकाना तुमच्या गटाप्रमाणे आहे का? टीडीएसमध्ये मागचा पगार धरलाय का? महाराष्ट्रात व्यवसाय कर सर्वसाधारणपणे महिना २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापला जातो. २५,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या महिलांना तो नाही, तरी कापला गेला असेल तर लगेच कळवा.

चूक दिसली तर तोंडी सांगून थांबू नका, एचआर आणि पेरोल दोघांना एकाच ईमेलवर पुराव्याची प्रत जोडून लिहा. पुष्कळ कंपन्यांत पगाराचा डेटा महिन्याच्या २० ते २५ तारखेदरम्यान गोठवतात. त्याआधी पोचलेली दुरुस्ती त्याच महिन्यात होते.